३३६ किलोज्यूलचा हिशोब: इथेनॉलच्या ज्वलनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. हे प्रकरण माझ्याच वर्गातले आहे. मुलांची नावे बदलली आहेत, आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

चार जणांच्या एका गटाने विज्ञान प्रदर्शनासाठी इथेनॉल हा विषय घेतला होता. कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून इथेनॉल निघते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळायला जाते, हे या मुलांना पुस्तकाआधी घरातूनच माहीत असते. गटातल्या सायलीचे वडील डिस्टिलरीतच कामाला आहेत. मुलांना तक्त्यावर एक आकडा लिहायचा होता: एक किलो इथेनॉल जळले की किती उष्णता मिळते. हा आकडा कुठून तरी उतरवून न घेता स्वतः काढायचा, असे त्यांनी ठरवले. वर्गात दोन रीती शिकवून झाल्या होत्या, म्हणून दोघांनी एका रीतीने आणि दोघांनी दुसऱ्या रीतीने हिशोब करायचा आणि उत्तरे जुळवून पाहायची, असे ठरले.

पहिली रीत बंध एन्थाल्पीची. अभिक्रियेत जे बंध तुटतात ते तोडायला लागणारी ऊर्जा मोजायची आणि नवे बंध तयार होताना सुटणारी ऊर्जा त्यातून वजा करायची. दुसरी रीत निर्मिती एन्थाल्पीची. यात प्रत्येक पदार्थ त्याच्या मूलद्रव्यांपासून बनताना होणारा एन्थाल्पीतला बदल कोष्टकातून घ्यायचा आणि उत्पादितांच्या बेरजेतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा करायची. वजाबाकीचा क्रम दोन्हीकडे उलटा आहे. तिथे दरवर्षी कोणीतरी घसरते, पण या गटाने ती चूक केली नव्हती.

अभिक्रिया अशी:

C₂H₅OH + 3O₂ → 2CO₂ + 3H₂O

अडचण

सायली आणि ओंकार यांनी बंध मोजले. इथेनॉलच्या रेणूत पाच C–H, एक C–C, एक C–O आणि एक O–H, शिवाय ऑक्सिजनचे तीन O=O. त्यांच्याकडच्या कोष्टकात C–H ४१३, C–C ३४७, C–O ३५८, O–H ४६३, O=O ४९८ आणि C=O ७४५ होते, सगळे किलोज्यूल प्रति मोल. तुटणाऱ्या बंधांची बेरीज ४७२७ आली. तयार होणाऱ्यांत चार C=O आणि सहा O–H, त्यांची बेरीज ५७५८. वजाबाकी −१०३१.

दुसऱ्या जोडीने निर्मिती एन्थाल्पी घेतल्या: कार्बन डायऑक्साइड −३९३.५, पाणी −२८५.८, इथेनॉल −२७७.७. त्यांचे उत्तर −१३६६.७ आले.

फरक ३३६ किलोज्यूलचा, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. किलोवर आणले तर एका रीतीने २२.४ मेगाज्यूल आणि दुसऱ्या रीतीने २९.७.

गटाने वहीत दोन्ही उत्तरे लिहिली होती आणि खाली एक वाक्य: 'बंध एन्थाल्पीची मूल्ये सरासरी असल्यामुळे फरक येतो.' हे वाक्य माझेच होते. मी ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहे आणि उत्तरपत्रिकेत त्याला पूर्ण गुण दिले आहेत. त्या दिवशीही मी वहीवर बरोबरची खूण करून पुढे गेले असते. पण ओंकारने विचारले, "मॅडम, सरासरी म्हटल्यावर काही मूल्यं जास्त, काही कमी असणार ना? मग बेरजेत ती एकमेकांत थोडी तरी मिटायला हवीत. ३३६ कसे उरले?"

माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हते. उद्या सांगते, म्हणाले.

समोरचे पर्याय

संध्याकाळी बसून विचार केला तेव्हा तीन वाटा दिसत होत्या.

पहिली सोपी होती. कोष्टकातल्या निर्मिती एन्थाल्पी प्रयोगातून आलेल्या आहेत, त्यामुळे −१३६७ बरोबर. बंध एन्थाल्पीची रीत अंदाजाची आहे, म्हणून तक्त्यावर तिचा उल्लेखच नको. यात खोटे काही नाही, पण ओंकारचा प्रश्न तसाच राहतो. शिवाय अंदाज पाव हिश्शाने चुकत असेल तर मुळात ती रीत का शिकवायची, असा पुढचा प्रश्न आलाच असता.

दुसरी वाट मोहात पाडणारी होती. माझ्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकात कार्बन डायऑक्साइडमधल्या C=O साठी ८०५ हे मूल्य आहे. ते घालून पाहिले तर उत्तर थेट −१२७१ आले. हा आकडा −१३६७ च्या बराच जवळ होता आणि वाफेचा हिशोब धरला तर जवळजवळ जुळत होता. मुलांना नवे कोष्टक द्यायचे, उत्तर जुळल्याचा आनंद घेऊ द्यायचा आणि विषय संपवायचा. ही वाट मी का सोडली ते पुढे येते, कारण तेव्हा मलाही ते पुरते कळलेले नव्हते. उत्तर फार सहज जुळले, एवढेच खटकत होते.

तिसरी वाट म्हणजे त्या ३३६ ची फोड करायची. कोणत्या कारणाने किती किलोज्यूल, हे एकेक करून वेगळे काढायचे. यात दोन तास जाणार होते आणि प्रात्यक्षिकाची एक तासिका बुडणार होती. मी ही वाट घेतली.

पहिली फोड: द्रव आणि वायू

दुसऱ्या दिवशी मी मुलांना एवढेच सांगितले की अभिक्रिया पुन्हा लिहा आणि प्रत्येक पदार्थापुढे त्याची अवस्था लिहा. त्यांच्या वहीत अवस्था नव्हत्याच. मी फळ्यावर लिहिते तेव्हा माझ्याही बऱ्याचदा राहतात.

बंध एन्थाल्पीची व्याख्या वायू अवस्थेतल्या रेणूंसाठी आहे. एक सुटा रेणू, आजूबाजूला कोणी नाही, आणि त्याचा बंध तोडायचा. बाटलीतले इथेनॉल तसे नसते. तिथे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात आणि ते सोडवायला आधी वेगळी ऊर्जा लागते. पाण्याच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने घडते: वाफेचे पाणी होताना जास्तीची उष्णता बाहेर पडते. सायलीच्या हिशोबात सगळे वायू होते. दुसऱ्या जोडीने कोष्टकातून इथेनॉल आणि पाणी दोन्ही द्रव अवस्थेतली उचलली होती. म्हणजे दोन्ही जोड्या वेगवेगळ्या अभिक्रियांचे उत्तर काढत होत्या.

कोष्टकात वायूच्या ओळीही असतात: इथेनॉलची वाफ −२३५.१ आणि पाण्याची वाफ −२४१.८. त्या घेऊन दुसऱ्या जोडीने पुन्हा हिशोब केला तेव्हा उत्तर −१२७७.३ आले. ३३६ पैकी ८९ किलोज्यूल इथेच निकालात निघाले. पडताळाही लगेच झाला: तीन मोल पाण्याची बाष्पीभवन एन्थाल्पी ४४ प्रमाणे १३२, त्यातून इथेनॉलची ४२.६ वजा केली की ८९.४.

इथे एक निर्णय होता: द्रवाचा आकडा वायूवर आणायचा की वायूचा द्रवावर? सायलीचे म्हणणे होते की आपण जाळतो ते द्रव, मग अंदाजाचा आकडाच द्रवावर का न आणावा. तक्त्यासाठी तिचे बरोबर होते. पण बंधांची रीत कुठे चुकते हे शोधायचे असेल तर तिच्याच मैदानात, म्हणजे वायूत, तुलना करायला हवी. नाहीतर प्रत्येक पायरीला बाष्पीभवन मध्ये लुडबुडत राहते. म्हणून तुलना वायूत करायची आणि शेवटचा आकडा द्रवासाठी द्यायचा, असे आम्ही ठरवले.

दुसरी फोड: झेरॉक्समधला तारा

आता −१०३१ विरुद्ध −१२७७, फरक २४६.

मी सायलीला तिचे कोष्टक आणायला सांगितले. ते झेरॉक्स होते, दोन-तीन वर्षे हातोहात फिरलेले, कडा काळवंडलेल्या. C=O च्या ओळीत ७४५ आणि त्याच्या डोक्यावर एक छोटा तारा. ताऱ्याचा खुलासा पानाच्या तळाशी असतो, आणि झेरॉक्स काढताना पानाचा तळच कापला गेला होता. मूळ पान ग्रंथालयातून काढले. तळटीप अशी: कार्बन डायऑक्साइडसाठी ७९९.

तो तारा सगळ्यांनी पाहिला होता, त्याचा अर्थ कोणी विचारला नव्हता. त्या कागदाची मूळ प्रत वर्गात मीच दिलेली होती.

७४५ हा आकडा अल्डिहाइड आणि कीटोनमधल्या C=O ची सरासरी आहे. कार्बन डायऑक्साइडमधला बंध कागदावर तसाच दोन रेघांनी काढतात, पण तो निराळा आहे. तिथे एका कार्बनला दोन्ही बाजूंनी ऑक्सिजन आहे आणि पाय इलेक्ट्रॉन तिन्ही अणूंवर पसरलेले असतात. त्यामुळे बंध आखूड आणि घट्ट होतो: ११६ पिकोमीटर, तर ॲसिटोनमध्ये तो १२१-१२२ च्या आसपास असतो. एका बंधामागे ५४ किलोज्यूलचा फरक, आणि या अभिक्रियेत असे चार बंध. ७९९ घालून सायलीचे उत्तर −१२४७ झाले. २१६ किलोज्यूल त्या एका ताऱ्यात होते.

हे पाहून वर्ग थोडा गप्प झाला. पहिल्या दिवशीच्या ३३६ पैकी ३०५ गेले होते, आणि त्यांत 'सरासरी' हा शब्द ज्या अर्थाने मी वापरत आले होते त्या अर्थाचे काहीच नव्हते. ८९ अवस्थेचे होते आणि २१६ दुसऱ्याच बंधाचे मूल्य उचलल्याचे.

तिसरी फोड: उरलेले तीस

इथे थांबले असते तर चालले असते. −१२४७ आणि −१२७७ यांत अडीच टक्क्यांहून कमी फरक आहे, अंदाजाच्या रीतीला तो शोभतो. आता तरी ते वाक्य लिहायला हरकत नाही, असे मला वाटले. पण ओंकारचा मूळ प्रश्न याच तिसांना लागू होता, म्हणून आणखी एक पायरी घेतली. या प्रकरणातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग हाच.

युक्ती अशी की अभिक्रिया बाजूला ठेवायची आणि एकेक रेणू तपासायचा. प्रत्येक रेणूचे पूर्ण सुटे अणू करायला किती ऊर्जा लागते, ही त्याची अणुकरण एन्थाल्पी, निर्मिती एन्थाल्पीवरून नेमकी काढता येते. त्यासाठी सुट्या अणूंची निर्मिती एन्थाल्पी लागते: कार्बन ७१६.७, हायड्रोजन २१८.०, ऑक्सिजन २४९.२. अणूंची बेरीज करायची, त्यातून रेणूची निर्मिती एन्थाल्पी वजा करायची. मग त्याच रेणूच्या बंधांची बेरीज शेजारी लिहायची. दोन्हींतला फरक हा त्या रेणूपुरता बंध-रीतीचा दोष.

इथेनॉलची वाफ: अणूंवरून ३२२५.७, बंधांवरून ३२३३. बंधांची बेरीज ७.३ ने जास्त.

ऑक्सिजन: ४९८.४ आणि ४९८. तीन रेणूंचे मिळून १.२ कमी.

पाण्याची वाफ: ९२७.० आणि ९२६. तीन रेणूंचे मिळून ३ कमी.

कार्बन डायऑक्साइड: १६०८.६ आणि १५९८. एका रेणूमागे १०.६, दोन रेणूंचे २१.२ कमी.

चिन्हे सांभाळून बेरीज केली की बरोबर ३०.३ भरते. ओंकारने ती फळ्यावर स्वतः केली.

म्हणजे तिसांतलेही एकवीस पुन्हा कार्बन डायऑक्साइडचेच. हे मला अजिबात अपेक्षित नव्हते. अणुकरणावरून एका C=O च्या वाट्याला ८०४.३ येतात, मग तळटीप ७९९ का म्हणते? रात्री मी तोच हिशोब ० केल्विनच्या मूल्यांनी करून पाहिला. त्या तापमानाला कार्बन अणू ७११.२, ऑक्सिजन अणू २४६.८ आणि कार्बन डायऑक्साइड −३९३.१. बेरीज १५९७.९, निम्मे केले की नेमके ७९९. म्हणजे तळटीपेतला आकडा ० केल्विनच्या हिशोबाशी जुळतो, आणि निर्मिती एन्थाल्पीचे कोष्टक २९८ केल्विनचे. एकाच हिशोबात दोन तापमानांचे आकडे आले होते आणि एका बंधामागे पाच किलोज्यूल त्यात गेले.

माझ्या जुन्या पुस्तकातले ८०५ कुठून आले, हेही मग उलगडले. २९८ केल्विनला कार्बन डायऑक्साइडच्या निर्मिती एन्थाल्पीवरून उलटा हिशोब करून, दोनने भागून. ते घातल्यावर उत्तर सहा किलोज्यूलपर्यंत जुळले, यात नवल नव्हते. ज्या आकड्याशी उत्तर ताडायचे तोच आकडा वेगळ्या नावाने आधीच हिशोबात घातला होता. O=O चेही तसेच, कारण तो बंध ऑक्सिजनच्याच रेणूतला आहे, तिथे सरासरी कसलीच नाही. म्हणून दुसरी वाट सोडली हे बरे झाले. मुलांना 'नव्या कोष्टकाने उत्तर सुधारते' एवढेच कळले असते, आणि ते का सुधारते हे मीही त्यांना चुकीचे सांगितले असते.

मग सरासरीचे काय

खऱ्या अर्थाने अनेक रेणूंतून घेतलेली सरासरी मूल्ये या अभिक्रियेत फक्त इथेनॉलला लागू होतात, आणि तिथे दोष ७.३ किलोज्यूलचा आहे. ३३६ पैकी सात. माझे फळ्यावरचे वाक्य चूक नव्हते, पण ते या सातांपुरतेच होते.

सरासरी म्हणजे नेमके काय, हे दाखवायला मी मिथेन घेतला. त्याचे चार C–H बंध एकामागून एक तोडले तर अनुक्रमे साधारण ४३९, ४६२, ४२४ आणि ३३८ किलोज्यूल लागतात. बेरीज १६६३, चौथा हिस्सा ४१६. या चारांतला एकही बंध ४१६ चा नाही. पहिला हायड्रोजन निघाला की उरलेला तुकडा वेगळा रेणू होतो, त्याचा आकार बदलतो, इलेक्ट्रॉन वेगळे बसतात. तरीही चारही बंध तोडायचेच असतील तर ४१६ ला चारने गुणलेले उत्तर बरोबर येते. ओंकारच्या 'मिटण्या'चे उत्तर यातच आहे: पूर्ण रेणू सुटा करताना चढउतार बेरजेत मिटतात. कोष्टकातले ४१३ मात्र केवळ मिथेनचे नाही, कित्येक सेंद्रिय रेणूंतून काढलेले आहे, म्हणून प्रत्येक रेणूत थोडे खालीवर राहतेच.

"मग सात म्हणजे काहीच नाही," सायली म्हणाली. इथे मी तिला एक आडवा प्रश्न दिला. डायमिथिल ईथरचे रेणुसूत्र इथेनॉलचेच आहे. ईथरचे इथेनॉल होण्याची, दोन्ही वायू धरून, एन्थाल्पी दोन्ही रीतींनी काढ.

ईथरमध्ये सहा C–H आणि दोन C–O, बेरीज ३१९४. इथेनॉलची ३२३३. बंध-रीतीने उत्तर −३९. निर्मिती एन्थाल्पीवरून (ईथरची −१८४.१) उत्तर −५१.०. फरक फक्त १२ किलोज्यूलचा, पण उत्तरच ५१ चे आहे, म्हणून चूक जवळजवळ चोवीस टक्के. ईथरची अणुकरण एन्थाल्पी तपासली तर ३१७४.७ येते, बंधांची बेरीज तिच्याहून १९ ने जास्त. इथेनॉलचा दोष सात, ईथरचा एकोणीस, दोघांतले अंतर बारा. अणुकरणाच्या मानाने दोन्ही दोष एका टक्क्याच्याही आतले. पण दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी लहान आली की तेच दोष डोक्यावर बसतात.

ब्युटेन आणि आयसोब्युटेन तर त्याहून पुढे. घरच्या सिलिंडरमध्ये हे दोन्ही असू शकतात. दोघांतही तीन C–C आणि दहा C–H. बंध मोजले तर एकातून दुसरे होण्याची एन्थाल्पी शून्य. प्रत्यक्षात आयसोब्युटेन सुमारे ८ किलोज्यूलने स्थिर आहे. बंधांची नुसती मोजणी करणाऱ्या रीतीला हा फरक दिसूच शकत नाही, कारण कोणता अणू कुणाशेजारी आहे हे ती विचारत नाही. बेंझिनच्या बाबतीतही हेच होते, फक्त तिथे फरक दीडशेच्या घरात जातो, कारण तीन एकेरी आणि तीन दुहेरी बंध मोजले तरी तसे बंध त्या रेणूत नसतात.

काय निष्पन्न झाले

तक्त्यावर कोणता आकडा लिहायचा, हा प्रश्न शेवटी सायलीच्या वडिलांमुळे सुटला. त्यांनी डिस्टिलरीतल्या कागदावरून दोन आकडे सांगितले: ग्रॉस २९.७ आणि नेट २६.८ मेगाज्यूल प्रति किलो. मुलांनी ताडून पाहिले. ग्रॉस म्हणजे द्रव इथेनॉल आणि शेवटी पाणीही द्रव, −१३६६.७, भागिले ४६.०७ ग्रॅम. नेट म्हणजे इथेनॉल द्रवच, पण पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून गेलेले. १३६६.७ मधून वाफेचे १३२ वजा, १२३४.७, किलोला २६.८. अवस्था लिहिण्याचा आमचा खटाटोप कारखान्याच्या कागदावर रोजच्या व्यवहारात होता.

तक्त्यावर मुलांनी नेट आकडा मोठ्या अक्षरात घेतला, कारण इंजिनात पाणी वाफ होऊनच बाहेर जाते. त्याखाली ३३६ ची फोड लिहिली: अवस्था ८९, C=O चे चुकीचे मूल्य २१६, तापमानाचा घोळ २१, इथेनॉलमधल्या सरासरीचा दोष ७, बाकी किरकोळ. किरकोळ म्हणजे पाण्याचे आणि ऑक्सिजनचे मिळून दोनाहून कमी.

परीक्षकांपैकी एकाने विचारले, की निर्मिती एन्थाल्पी अचूक आहे तर बंध मोजायचेच कशाला? ओंकारने सांगितले की ज्या रेणूची निर्मिती एन्थाल्पी कोणी मोजलेलीच नाही, त्याच्यासाठी पहिला अंदाज तिथूनच निघतो, आणि उष्णता नेमकी कशातून येते हेही तिथेच दिसते. या ज्वलनात ऊर्जेचा मोठा वाटा CO₂ आणि पाण्यातल्या घट्ट बंधांचा आहे आणि ऑक्सिजनचा बंध तुलनेने सैल आहे, हे निर्मिती एन्थाल्पीच्या वजाबाकीतून डोळ्यांना दिसत नाही. हे उत्तर मी त्याला शिकवलेले नव्हते.

आज पुन्हा करायचे तर

पहिले म्हणजे मी ज्वलनाने सुरुवात करणार नाही. हायड्रोजन आणि क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइड बनण्याची अभिक्रिया आधी घेईन. तिथे सगळे वायू, सगळे द्विअणू रेणू, कोणतेच मूल्य सरासरी नाही, आणि दोन्ही रीतींची उत्तरे जुळतात. जुळणारे उदाहरण आधी पाहिले असते तर न जुळणाऱ्या उदाहरणात काय बदलले हे मुलांनी स्वतः शोधले असते. मी थेट तीन अडचणी एकत्र असलेले उदाहरण त्यांच्या हाती जाऊ दिले.

दुसरे, अवस्था लिहिल्याशिवाय हिशोब तपासायचा नाही. यंदापासून मी वहीत अवस्था नसेल तर उत्तर न वाचता परत देते. मुलांना सुरुवातीला जाच वाटला.

तिसरे, फोडीचा क्रम. मी अवस्था, मग तारा, मग अणुकरण असा क्रम घेतला, कारण मला तो त्याच क्रमाने सुचला. आता वाटते की अणुकरणाचा तपास आधी करावा. एकेक रेणू तपासला असता तर कार्बन डायऑक्साइडपुढे १६०८.६ आणि १४९० असे दोन आकडे शेजारी येऊन रेणूमागे ११९ किलोज्यूलचा दोष उघडा पडला असता, आणि ताऱ्याकडे मुलांचे लक्ष माझ्या सूचनेशिवाय गेले असते.

आणि एक गोष्ट राहून गेली. ईथरचा दोष इथेनॉलपेक्षा जास्त का, हे सायलीने त्याच दिवशी विचारले होते. O–H चे ४६३ हे मूल्य पाण्याच्या दोन बंधांची, ४९७ आणि ४३० ची, सरासरी आहे आणि ते अल्कोहोलला जसेच्या तसे लावले जाते. C–O चे ३५८ अल्कोहोल आणि ईथर दोघांना एकच धरले जाते. यांतला कोणता आकडा ईथरवर किती भार टाकतो, हे वेगळे करायचे तर आणखी पाच-सहा अल्कोहोल आणि ईथर घेऊन अणुकरणाचा तक्ता मांडावा लागेल. मिथेनॉल आणि डायएथिल ईथर तिने सुट्टीत सुरू केले आहेत, वही माझ्या टेबलावर आहे.